अंतरिम लाभांशाबाबत संचालक मंडळाचा ठराव

दि. 12 नोव्हेंबर 2025 रोजी सकाळी 11 वाजता उद्यमबाग, बेळगाव येथील नोंदणीकृत कार्यालयात झालेल्या सभेत एकमताने संमत.

“ठरविण्यात येते की, कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 123(3) नुसार, 30 सप्टेंबर 2025 अखेरच्या सहामाहीतील नफ्यातून, 10 रुपये दर्शनी मूल्याच्या 8,00,000 पूर्ण भरणा झालेल्या समभागांवर प्रतिसमभाग 2.50 रुपये (25 टक्के), एकूण 20,00,000 रुपये, अंतरिम लाभांश जाहीर करावा.

नोंद दिनांक गुरुवार, 20 नोव्हेंबर 2025 राहील. त्या दिवशी कामकाज संपताना नोंदवहीत वा डीमॅट यादीत नाव असलेलेच पात्र ठरतील.

संपूर्ण रक्कम 17 नोव्हेंबरपर्यंत अनुसूचित बँकेतील स्वतंत्र लाभांश खात्यात भरावी. या खात्यावर व्यवस्थापकीय संचालक व मुख्य वित्त अधिकारी संयुक्तपणे सही करतील. एकट्याची सही चालणार नाही. नियमानुसार करकपात करून 5 डिसेंबरपर्यंत रक्कम थेट बँक खात्यात जमा करावी. बँक तपशील न दिलेल्यांना लाभांश वॉरंट नोंदणीकृत पत्त्यावर पाठवावे. मागील वेळी खानापूर व चंदगडकडील काही पाकिटे जुन्या पत्त्यामुळे परत आली, म्हणून कंपनी सचिवांनी आधी फोनवर खात्री करावी आणि सूचना मराठी व कन्नड दोन्ही भाषांत काढावी.

30 दिवसांत न दिली गेलेली वा न मागितलेली रक्कम त्यापुढील 7 दिवसांत न दिलेल्या लाभांशाच्या खात्यात वर्ग करावी.”

खरी प्रत
सही/-
कंपनी सचिव