कॅथोडवर किती तांबं जमलं? फोटोतलं गणित पूर्ण सोडवून

सई,

फोटो मिळाला. उजवी कड थोडी कापली गेली आहे, पण आकडे वाचता येतात. मला दिसलेला प्रश्न आधी लिहिते, म्हणजे आपण दोघी एकाच गणिताबद्दल बोलतोय याची खात्री होईल.

कॉपर सल्फेटच्या द्रावणातून तांब्याचे इलेक्ट्रोड वापरून १.५ ॲम्पिअरचा प्रवाह ४० मिनिटं सोडला. (अ) कॅथोडवर किती तांबं जमेल? (ब) त्याच परिपथात सिल्व्हर नायट्रेटचा घट एकसरीत जोडला असेल, तर तिथे किती चांदी जमेल? (क) याच प्रवाहाने २.५४ ग्रॅम तांबं जमायला किती वेळ लागेल? मोलर वस्तुमान: Cu = ६३.५, Ag = १०८ ग्रॅम प्रति मोल. १ फॅरडे = ९६५०० कूलोम.

समासात तू पेन्सिलीने १.५ × ४० = ६० लिहिलं आहेस. गाडी तिथेच अडली. एक ॲम्पिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम, म्हणून मिनिटांचे सेकंद आधी करायचे.

t = ४० × ६० = २४०० सेकंद
Q = I × t = १.५ × २४०० = ३६०० कूलोम

आता सूत्र बाजूला ठेव आणि तारेतून आलेले इलेक्ट्रॉन मोज. एका मोल इलेक्ट्रॉनांवर ९६५०० कूलोम प्रभार असतो. म्हणून

इलेक्ट्रॉनांचे मोल = ३६०० ÷ ९६५०० = ०.०३७३

संपूर्ण गणितात हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. इथपर्यंत तांबं की चांदी याचा काहीच संबंध आलेला नाही. धातू कोणता, हे यापुढे विचारायचं.

(अ) कॅथोडवर काय घडतं ते लिही:

Cu²⁺ + 2e⁻ → Cu

तांब्याच्या एका आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात. म्हणजे तांब्याचे मोल इलेक्ट्रॉनांच्या निम्मे:

०.०३७३ ÷ २ = ०.०१८६५ मोल
वस्तुमान = ०.०१८६५ × ६३.५ = १.१८ ग्रॅम

एका आयनाला लागणारे इलेक्ट्रॉन म्हणजे n. तू n = १ धरला होतास, त्यामुळे सेकंद बरोबर घेतले असते तरी उत्तर दुप्पट आलं असतं. n कधीही पाठ करू नकोस, अर्धअभिक्रिया लिहून त्यातूनच काढ. Cu⁺ चं संयुग दिलं असतं, तर त्याच तांब्यासाठी n खरंच १ झाला असता.

इलेक्ट्रोड तांब्याचे आहेत, म्हणून ॲनोडवरून तेवढंच, १.१८ ग्रॅम तांबं विरघळतं आणि द्रावणाचा निळा रंग टिकून राहतो. प्लॅटिनमचे असते तर ॲनोडवर ऑक्सिजन सुटला असता आणि निळा रंग फिका होत गेला असता. कॅथोडवरचं उत्तर मात्र तेच.

(ब) एकसरीत जोडणी म्हणजे दोन्ही घटांतून तेवढाच प्रभार जाणार. प्रभार पुन्हा काढायची गरज नाही.

Ag⁺ + e⁻ → Ag

इथे एका आयनाला एकच इलेक्ट्रॉन, म्हणून चांदीचे मोलही ०.०३७३.

वस्तुमान = ०.०३७३ × १०८ = ४.०३ ग्रॅम

हे पडताळायचा एक सुंदर मार्ग आहे. १९४८ पर्यंत आंतरराष्ट्रीय ॲम्पिअरची व्याख्याच चांदीवर उभी होती: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी जमवणारा स्थिर प्रवाह म्हणजे एक ॲम्पिअर. ३६०० × ०.००१११८ केलं की ४.०२ येतात. शेवटच्या अंकातला फरक १०८ आणि ९६५०० या गोळाबेरीज आकड्यांमुळे आहे. फॅरडेने हे नियम १८३०च्या दशकात मांडले तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता. नुसतं वजन करून त्याने हे प्रमाण पकडलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

(क) आता उलट दिशेने जायचं: ग्रॅमपासून सेकंदांपर्यंत.

तांब्याचे मोल = २.५४ ÷ ६३.५ = ०.०४
इलेक्ट्रॉनांचे मोल = ०.०४ × २ = ०.०८
Q = ०.०८ × ९६५०० = ७७२० कूलोम
t = ७७२० ÷ १.५ = ५१४७ सेकंद, म्हणजे साधारण ८५ मिनिटं ४७ सेकंद

उत्तर पटतं का ते बघ. ४० मिनिटांत १.१८ ग्रॅम जमलं होतं. २.५४ ग्रॅम हे त्याच्या दुपटीहून थोडं जास्त, मग वेळही ८० मिनिटांहून थोडा जास्तच हवा.

वहीत उतरवताना प्रत्येक ओळीत एकक लिही आणि मधल्या पायरीत ०.०३७३ चं ०.०४ करू नकोस. तसं केलंस तर (अ) चं उत्तर १.२७ येईल. पुढचं गणित Al³⁺ चं आहे, त्यात n = ३. ते तू स्वतः सोडव आणि पान सरळ धरून फोटो पाठव.

– ताई