थकीत बिल क्र. ११८ : हप्त्यांनी फेडीबाबत ठरलेल्या अटी

दि. ३० मे २०२६

प्रति,
भागीदार, खरेदीदार पेढी

स.न.वि.वि.

गुरुवारच्या बैठकीत ठरलेले कागदावर आणत आहे. बोलण्यावरचा विश्वास आहेच, पण सात महिने चालणारा व्यवहार दोघांच्याही आठवणीवर सोडणे बरे नाही.

आमचे १२ जानेवारी २०२६ चे खोक्यांचे बिल ₹८,६४,००० चे. दबलेल्या मालाबद्दल ₹२४,००० ची क्रेडिट नोट दिली, एप्रिलमध्ये आपण ₹१,२०,००० भरले. आज येणे बाकी ₹७,२०,०००. हा आकडा आपणांस मान्य आहे. मालाच्या तक्रारीपोटी यापुढे त्यातून वजावट होणार नाही.

हप्ते असे :

१० जून २०२६ : ₹१,२०,०००
१० जुलै : ₹१,००,०००
१० ऑगस्ट : ₹१,००,०००
१० सप्टेंबर : ₹१,००,०००
१० ऑक्टोबर : ₹१,००,०००
१० नोव्हेंबर : ₹१,००,०००
१० डिसेंबर : ₹१,००,०००

त्या दिवशी बँकेला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पहिला हप्ता थेट आमच्या खात्यात जमा करावा, बाकी सहांचे पुढील तारखांचे चेक त्याच दिवशी द्यावेत. सगळे हप्ते वेळेवर आले तर २६ फेब्रुवारीच्या देय तारखेपासूनचे व्याज आम्ही पूर्ण सोडू. आपल्या गिऱ्हाइकाकडे पैसे अडकले आहेत हे मी वह्या पाहूनच समजून घेतले आहे, म्हणून ही सवलत मनापासून देत आहे.

हप्ता चुकला तर मात्र पुढील गोष्टी लागू होतील. तारखेनंतर सात दिवस थांबू. तेवढ्यात रक्कम आली तर काही बिघडले नाही. आठव्या दिवशी, किंवा चेक न वटता परत आला आणि सात दिवसांत त्याची भरपाई झाली नाही तर, राहिलेली सगळी बाकी एकदम देय होईल. व्याजाची सवलत रद्द होऊन २७ फेब्रुवारीपासून, त्या त्या वेळी थकलेल्या रकमेवर दरमहा दीड टक्का सरळ व्याज लागेल. नवा माल आगाऊ पैसे आल्यावरच निघेल. लेखी मागणीनंतर १५ दिवसांत बाकी न आल्यास आम्ही वसुलीचा दावा लावू.

एखादा हप्ता उशिरा स्वीकारला म्हणजे पुढच्या तारखा सैल झाल्या असे समजू नये. तारीख बदलायची तर दोघांच्या सहीनेच. अडचण दिसत असेल तर हप्त्याच्या आधी फोन करा; आधी कळले तर मार्ग काढता येतो, चेक परत आल्यावर माझ्याही हातात फार उरत नाही.

दोन प्रती पाठवल्या आहेत. एक सही-शिक्क्यासह ५ जूनपर्यंत परत यावी. ही सही म्हणजे वरील बाकीची लेखी कबुली समजली जाईल.

आपला,
मालक, पुरवठादार पेढी

वरील बाकी, हप्ते व चुकल्यास लागू होणाऱ्या अटी वाचल्या, मान्य आहेत.
भागीदार, खरेदीदार पेढी
दि. ३ जून २०२६