कोकणकडा, सकाळचं ऊन पाठीवर

खालच्या ढगावर जे गोल रंगीत कडं दिसतंय ना, ते इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडावर त्यासाठी सगळं एकदम जुळून यावं लागतं: पाठीमागे सूर्य, समोर दरी भरून धुकं आणि मध्ये आपण. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा, म्हणून हे सकाळीच साधतं.

कड्याच्या मध्यावर आतल्या बाजूला वळलेला कातळ बघा. पोटावर झोपून, डोकं तेवढं बाहेर काढून खाली पाहिलं तर तळ दिसतच नाही, वारा मात्र खालून थेट तोंडावर येतो. चष्म्यावर लगेच पाण्याचे बारीक थेंब!

रंगीत वर्तुळाच्या बरोबर मधोमध जी सावली आहे ती माझी, कारण फोटो मी काढलाय. शेजारच्या मित्राला त्याच वेळी त्याचं स्वतःचं डोकं मधोमध दिसत होतं. धुक्यातल्या थेंबांवरून उजेड ज्याच्या-त्याच्या डोळ्याकडे परत येतो, त्यामुळे हे वर्तुळ प्रत्येकाचं वेगळं. बाहेरची कडा लालसर, आत निळसर. थोड्याच वेळात धुकं विरलं आणि खाली हिरवंगार कोकण उघडं पडलं. तो फोटो पुढे सरकवून बघा, तोही तितकाच आवडीचा आहे.