जास्तीची खाट

प्रकरण 1

आईने दोनच कप मांडले.

मुक्ता ओट्याशी उभी राहून त्या कपांकडे बघत राहिली. रात्रीचे अडीच वाजले होते. अकरा वाजता हीच आई चौकीतल्या हवालदारापुढे पदर तोंडात धरून रडत होती, नंदूच्या कपाळावरची खूण बोटाने दाखवत होती. एक वाजता तिला त्याच्या शर्टाचा रंग आठवेना. आता ती चहा गाळत होती, अगदी निवांत.

"आई, नंदूचं दूध?"

"कोण नंदू ग?" आईने गाळणं आपटून चोथा काढला. "आणि ते दप्तर कोणाचं लटकतंय खुंटीला? सकाळी आठवणीने देऊन टाक ज्याचं त्याला."

मुक्ताने कप उचललाच नाही. खुंटीवरच्या दप्तरातून बॉलपेन काढलं, डाव्या तळहातावर दाबून लिहिलं, 'नंदू. माझा भाऊ. वय 10', आणि जिना उतरली.

तात्या हौदापाशी होते. मधल्या चौकातल्या त्या हौदावर मुक्ताच्या जन्माआधीपासून फरशी होती, फरशीवर तुळशीच्या दोन कुंड्या. कुंड्या बाजूला केलेल्या, फरशी पहारीने सरकवलेली. पंचाहत्तरीचा माणूस एकट्याने हे करून बसला होता आणि धापा टाकत नायलॉनच्या दोराला गाठ मारत होता. हौदाच्या कडेला नंदूची एक चप्पल.

"तुम्हाला आठवतोय तो?" तिने विचारलं.

"ही चप्पल हातात असते तोवर." तात्यांनी चप्पल छातीशी धरली. "खाली ठेवली की कोणाची म्हणून बघायला लागतो. हात दाखव. लिहिलंस? बरं केलंस."

"तो खाली कसा गेला? इथे तर फरशी होती."

"मागच्या बोळात, गटाराच्या जाळीशेजारी एक भोक आहे. चेंडू तिकडे गेला असेल."

मुक्ताच्या पोटात गोळा आला. चेंडू तिनेच आणला होता, पहिल्या पगारातून. संध्याकाळी गॅलरीतून ओरडलीही होती, हरवलास तर घरी येऊ नकोस.

"तात्या, खाली काय आहे?"

"पाणी. कात्रजच्या तळ्याचं. नानासाहेबांच्या काळात नळ बांधून आणलं शनिवारवाड्यापर्यंत, त्याचाच एक फाटा आपल्याकडे आला." ते थांबले. दोर कमरेला बांधताना त्यांचे हात थरथरत होते. "1961 साली पानशेत फुटलं. पूर ओसरला, आम्ही चिखल काढला, भांडी धुतली. बघतो तर घरात एक खाट जास्तीची. छोटी. त्यावर छोटी गोधडी. आई ती खाट बघून रोज विचारायची, ही कोणाची रे? मी बारा वर्षांचा होतो, मुक्ता. मला ठाऊक असायला हवं होतं. अजून ती खाट माझ्याकडे आहे."

ती खाट मुक्ताने पाहिली होती. तात्या त्यावर पापड वाळत घालायचे नाहीत की पेपर ठेवायचे नाहीत.

"पाच वाजता नळाला पाणी येईल," तात्या म्हणाले. "वाडा उठेल. उठलं की माणूस नकळत आपली माणसं मोजतो. त्या मोजणीत जो आला नाही, तो नव्हताच. मग खाली जाऊन उपयोग नाही. कोणाला आणायचं तेच ठाऊक नसेल."

"आणि मी खाली गेल्यावर तुम्ही मला..."

"तेच सांगतो." त्यांनी खिशातून खडू काढला आणि सरकवलेल्या फरशीवर, दारावरच्या पाट्या लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत लिहायला बसले.

हौदाचं पाणी कमरेपर्यंत आलं. मे महिन्यातही दात वाजतील इतकं गार. समोरच्या भिंतीत दगडी कमान होती. मुक्ता वाकून आत शिरली. मोबाईलचा टॉर्च भिंतीवर फिरवला. चुन्याचे ओघळ, विटा, आणि विटांवर सगळीकडे हाताचे ठसे. सगळे तिच्या कमरेच्या उंचीवर.

"नंदू!"

आवाज परत आला नाही. कुठेतरी शोषला गेला.

ती दोराचे वेढे सोडवत पुढे सरकत राहिली. वर वर्दळ असेल तिथे छताला धडधड जाणवायची. मग तीही थांबली. दर थोड्या वेळाने ती हात टॉर्चसमोर धरायची. नंदू. माझा भाऊ. दुसऱ्या वेळी ते वाचताना तिला 'वय 10' चं नवल वाटलं. तिसऱ्या वेळी अक्षर आपलंच आहे का, ते तपासायला तिने बोटाने गिरवून पाहिलं.

तेव्हा तिला हुंदका ऐकू आला.

नळाच्या वळणावर भिंतीत कोनाडे होते, देवळीसारखे, पण माणूस बसेल एवढे. पहिल्याच कोनाड्याच्या पायरीवर पोर उकिडवं बसलं होतं. मुक्ताने झडप घालून त्याला कवटाळलं. केसांना पाण्याचा वास, अंगात कापरं. तिने त्याचं तोंड वर केलं.

डोक्याचा घेरा, मागे शेंडी. उजव्या कानात भिकबाळी. सात-आठ वर्षांचं, भेदरलेलं, आणि नंदू नसलेलं.

"आई आली का?" त्याने विचारलं. "वाड्याला आग लागली. मी लपलो. आई म्हणाली, येते."

आग. मुक्ताला एकच आग ठाऊक होती, शाळेच्या सहलीत सांगितलेली. शनिवारवाडा, 1828.

"नाव काय तुझं?"

त्याने बराच वेळ विचार केला. मग मान हलवली.

"इथे अजून एक मुलगा आला ना? आज? चेंडू होता त्याच्याकडे."

पोराने मूठ उघडली. चेंडू तिच्याकडे धरला. "त्याने दिला. म्हणाला, तू ऊठ, पाय मोकळे कर, तोवर मी बसतो." त्याने आतल्या कोनाड्याकडे पाहिलं. "जागा रिकामी राहू देत नाहीत. मी उठलो आणि तो बसला. मग त्याला वर नेलं."

"वर म्हणजे?"

त्याचं बोट काळोखात गेलं. पाणी जिकडून येत होतं तिकडे. कात्रजच्या दिशेला.

तीन वाजून पन्नास मिनिटं. दोर संपत आला होता. त्याला जेमतेम दोन हात ढिलाई उरली होती. पोराने तिच्या कुर्त्याचं टोक मुठीत धरलं होतं आणि ती मूठ सुटणार नव्हती. त्याला घेऊन पुढे जाणं शक्य नव्हतं. इथे ठेवलं तर हा पुन्हा बसेल. दोनशे वर्षं ज्याला कोणी न्यायला आलं नाही, त्याला नंदूने आपली जागा देऊन उठवलं होतं. दहा वर्षांच्या पोराने.

मुक्ताने त्याला पाठंगुळी घेतलं आणि कमानीपर्यंत परत आणलं. कमरेचा दोर सोडून त्याच्या काखेतून ओवला, तात्यांनी दाखवलेली गाठ मारली.

"वर एक आजोबा आहेत. त्यांच्याकडे एक खाट आहे, तुझ्या मापाची. झोप तिथे."

तिने दोराला तीन हिसके दिले. पोर वर गेलं, हौदाच्या तोंडाशी पाय झाडत दिसेनासं झालं. मग तात्यांचा आवाज आला, घाबरलेला.

"अरे, कोण तू? कुठून आलास? खाली आणि कोणी आहे का?"

"तात्या, मी!" ती ओरडली. "मी आहे!"

"कोण मी?"

मुक्ताने भिंतीला हात टेकला. वर बराच वेळ काहीच हाललं नाही. मग तात्यांचं वाचणं ऐकू आलं, परक्याचं पत्र वाचावं तसं, शब्दाशब्दाला अडत.

"'खाली... मुक्ता आहे. मुक्ता कोण हे आठवणार नाही. तरी दोर सोडावा. सकाळ झाली तरी... ओढून घेऊ नये.'" पुन्हा शांतता. "अक्षर तर माझंच आहे."

काही क्षणांनी दोराचं टोक पाण्यावर येऊन आपटलं.

मुक्ताने ते दगडाच्या खाचेत अडकवलं, चेंडू कुर्त्याच्या खिशात घातला आणि प्रवाहाच्या उलट चालू लागली.