विसण

आजी दहिवडीहून आली. स्वारगेटवरून बाबांनी तिला वाघोलीच्या नव्या फ्लॅटवर आणलं आणि हॉल-किचन सोडून थेट बाथरूम दाखवलं. साहजिकच होतं, सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले होते.

"बादली कुठं हाय?"

"बादली कशाला, आई? हा शॉवर. पाऊस पडल्यासारखं वाटतं." छताला ताटाएवढी चकती होती.

"आन् डोकं भिजवायचं नसलं तर?"

बाबांनी घाईने विषय बदलला. "हा एकच दांडा. वर उचलला की पाणी. डावीकडे गरम, उजवीकडे गार."

"विसण कशात घालायचं?"

"मधोमध ठेवायचा. विसण आपोआप पडतं."

"त्याला काय कळतंय, मला किती सोसतंय ते?"

फ्लशची दोन बटणं मात्र तिला पटली. धाकट्याने थोडं पाणी, थोरल्याने जास्त. "हे कुणातरी शाण्यानं केलंय," म्हणाली आणि पाय धुवायला म्हणून दार लावून घेतलं.

पाय धुवायचे म्हणजे नळ हवा. दांडा उचलला, पण खालच्या चावीचं तोंड शॉवरकडे वळवलेलं होतं, हे सांगायचं राहून गेलं होतं. आतून किंकाळी आली.

"आई, खाली दाब! दांडा खाली!"

"आरं, कढत यायलंय!"

"उजवीकडं! उजवीकडं फिरव!" घाबरले की बाबांची पुण्याची भाषा जाते.

"तुझ्या उजवीकडं का माझ्या?"

आजी बाहेर आली ती निथळत. नऊवारी पायांना चिकटलेली, कपाळावरचा बुक्का नाकापर्यंत ओघळलेला. आईने टॉवेल पुढे केला. मी हसू दाबत बाल्कनीत पळाले.

थोड्या वेळाने केस पुसत आजीही तिथे आली. खाली टँकर मागे येत होता, वॉचमन शिट्ट्या मारत होता.

"ह्यो कुणाकडं आलाय?"

"आपल्याच सोसायटीत. रोजच येतात."

आजी काही बोलली नाही. टँकरची नळी टाकीत जाईपर्यंत बघत राहिली. मग आत जाऊन बाबांना म्हणाली, "बादली आन. आन् तांब्या. प्लाष्टिकचा नगं."

सकाळी मी उठले तर बाथरूमचं दार उघडंच. आजीने बादली नळाखाली लावली होती, दांडा पार डावीकडे. गीझरचं गरम पाणी पोचेपर्यंत पाइपातलं गार पाणी येत राहतं. आम्ही ते रोज तसंच जाऊ द्यायचो.

"बघ, विसण आधी पडतंय," हात पाण्यात घालून आजी म्हणाली. "कढत मागनं. उलटं हाय, पण चालतंय."

तिच्यानंतर बाबा अंघोळीला गेले. मी कान देऊन ऐकलं. शॉवर वाजला नाही. बादलीच्या काठावर तांब्या वाजला.