एकाच पंखाची पिसे

१४१७ च्या फेब्रुवारीत राजा पाचव्या हेन्रीचा हुकूम सुटला, की अंड्यांवर बसवायच्या माद्या वगळून प्रत्येक पाळीव हंसाच्या पंखांतून सहा पिसे घ्यावीत आणि १४ मार्चच्या आत ती लंडनला पोहोचवावीत. फ्रान्सवरच्या नव्या स्वारीची तयारी चालली होती. थॉमस बाणकाराच्या कर्मशाळेत त्या पिसांची पोती येऊन पडली तेव्हा ईस्टरपूर्वीचे उपवास सुरू होते, आणि विलच्या सात वर्षांच्या उमेदवारीतले जेमतेम पहिले वर्ष सरत आले होते.

तोवर विलने बाणाला एकही पीस लावले नव्हते. तो अॅस्पेनच्या काड्या तासून गुळगुळीत करी, कोळसे फुंकी आणि मेणाच्या भांड्यावर लक्ष ठेवी. हे लाकूड हलके आणि सरळ असते. पण तेच खडावांसाठीही खपू लागले, तेव्हा आदल्याच वर्षी खडावा करणाऱ्यांना ते वापरण्याची कायद्याने बंदी झाली होती. त्यामुळे थॉमस प्रत्येक काडी जपून हाताळी. मात्र पोती आली त्या सकाळी त्याने विलला आपल्या शेजारी बसवले आणि त्याच्या हातात एक करडे पीस दिले.

“याच्या दोन्ही पाती नीट बघ. काय दिसते?”

“एक रुंद आहे, एक अरुंद आहे, धनी.”

“अरुंद पात ताठ असते, ती आपल्या कामाची नाही. रुंद पात ठेवायची. आता टोक समोर आणि तकतकीत बाजू वर करून पीस फळीवर ठेव. अरुंद पात कोणत्या हाताला येते?”

“उजव्या.”

“मग ते डाव्या पंखाचे. उजव्या पंखाचे असते तर ती डाव्या हाताला आली असती. दोन्ही पंखांच्या पिसांचा बाक एकमेकांच्या उलट असतो. तिन्ही पिसे एकाच पंखाची असली, की वारा त्यांना एकाच दिशेने ढकलतो आणि बाण स्वतःभोवती फिरत नेम धरून जातो. त्यात एक जरी उलटे लागले तरी दोन पिसे एकीकडे ओढतात, तिसरे दुसरीकडे, आणि बाण भरकटतो.”

विलच्या आईने केंटमध्ये हंस पाळले होते आणि पिसे झडण्याच्या दिवसांत ती गोळा करणे हे लहानपणी त्याचेच काम असे, पण पिसांतला हा फरक त्याने कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्याने पोत्यातली पिसे निवडून दोन ढीग केले, आणि संध्याकाळपर्यंत पीस उचलताच ते कोणत्या ढिगात जायचे हे त्याला फळीवर न ठेवताही कळू लागले.

पुढचे काम हातांना अधिक छळणारे होते. पिसाचा कणा धारदार सुरीने उभा चिरायचा, आतला भुसभुशीत भाग खरवडून टाकायचा आणि रुंद पातीखाली कण्याची इतकी पातळ पट्टी ठेवायची की ती काडीच्या गोलाईवर सपाट बसेल. पट्टी जाड राहिली तर पीस उचकटते. फार पातळ झाली तर तंतूच सुटून हातात येतात. विलची पहिली कित्येक पिसे तशीच वाया गेली. थॉमस रागावला नाही, पण प्रत्येक वेळी त्याने सुरी कुठे घसरली ते विलच्याच तोंडून वदवून घेतले.

मग चिकटवणे. थॉमसच्या तांब्याच्या छोट्या भांड्यात मधमाश्यांचे मेण आणि जंगाल एकत्र वितळत असे. तांब्याचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत ठेवून खरवडलेल्या त्या हिरव्या भुकटीमुळे पिसांना कीड लागत नाही, असे थॉमस म्हणे. मेण जास्त तापले तर ते पातळ होऊन तंतूंमध्ये चढते आणि पीस जड होते. थंड पडले तर त्याच्या गुठळ्या होतात. थॉमस एक थेंब अंगठ्याच्या नखावर टाकून पाही. तो जागीच थबकला तरच काडीच्या शेपटीवर हिरव्या लेपाचा हात फिरे. पहिले पीस शेपटीवरच्या खाचेला काटकोनात बसवायचे, म्हणजे प्रत्यंचा खाचेत बसली की ते धनुष्यापासून बाहेरच्या अंगाला राहते. उरलेली दोन त्याच्यापासून सारख्या अंतरावर. लेप ऊबदार आहे तोवर रेशमाचा बारीक दोरा पुढून मागे गुंडाळत आणायचा, हाडाच्या सुईने तंतू अलग करून प्रत्येक वेढा त्यांच्यामधून कण्यावर बसवायचा, आणि दोन वेढ्यांत जवाचा अर्धा दाणा मावेल एवढेच अंतर ठेवायचे.

“दोरा का, धनी? मेण धरून ठेवतेच की.”

“मेण उन्हात मऊ होते आणि थंडीत तडकते. शिपाई बाण पावसात घेऊन फिरतो, विल.”

थॉमसचे हात हे सारे न बघता करीत, आणि पुढे विलच्या लक्षात आले की त्यांना न बघताच करावे लागत होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा आला होता. पिसाची बाजू तो ओठांवरून फिरवून ओळखी.

मार्चच्या मध्याला राजाच्या कोठाराचा कारकून दुसऱ्या दिवशी दुपारी येणार असल्याचा निरोप आला. चोवीस बाणांची एक याप्रमाणे दहा जुड्या द्यायच्या होत्या. दोघांनी पहाटेपासून काम केले, आणि दिवस कलताना विल थॉमसने पूर्ण केलेले बाण जुडीत बांधू लागला. एका बाणावर त्याचा हात थांबला. खाच आपल्याकडे करून तो बाण त्याने खिडकीपाशी नेला आणि हळूहळू फिरवला. दोन पिसांची तकतकीत बाजू एका अंगाला होती, तिसऱ्याची दुसऱ्या अंगाला.

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. तो जन्मण्यापूर्वीपासून हा माणूस बाण करीत होता, दीडच वर्षापूर्वी फ्रान्समधल्या अॅजिनकोर्टच्या लढाईला गेलेल्या जुड्यांतही त्याचे बाण होते. विलने बाण जुडीत सरकवला असता तर कारकुनाला काहीच कळले नसते.

“धनी,” तो म्हणाला, “याचे एक पीस उजव्या पंखाचे आहे.”

थॉमसने हात पुढे केला. तिन्ही पिसे त्याने ओठांवरून एकेक करून फिरवली, मग पुन्हा फिरवली.

“थंडीने ओठ बधिर झाले आहेत,” तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “हा दुपारनंतरचा?”

“हो.”

“मग दुपारनंतरचे सगळे सोड. एकेक बघून मला सांग.”

आणखी दोन निघाले. थॉमसने तिन्ही बाणांची शेपटे निखाऱ्यांवर धरून मेण सैल केले, दोरे उलगडले, पिसे सोलून काढली. काड्या वाचल्या, पिसे बहुतेक फाटली. नवे कणे चिरायला उजेड उरला नव्हता आणि मेणबत्तीच्या प्रकाशात पिसाला हात लावायला थॉमसने साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी कारकून वेळेच्या आधीच आला. त्याने मोजले आणि दहाव्या जुडीत एकवीसच बाण का, असे दरडावून विचारले. थॉमसने उत्तर न देता विलकडे तोंड वळवले.

“तीन बाण बिघडले होते, साहेब. उघडून पुन्हा करायला घेतले आहेत,” विल म्हणाला. “संध्याकाळी मी स्वतः टॉवरवरच्या कोठारात आणून देतो.”

कारकुनाने नऊ जुड्या वहीत लिहिल्या, दहावीपुढे खूण केली आणि गाडीवान हमालांना हाक मारली. तो गेल्यावर थॉमस आपल्या स्टुलावरून उठला, पिसांच्या ढिगांसमोरची जागा त्याने मोकळी केली आणि स्वतः मेणाच्या भांड्यापाशी जाऊन बसला.

“पिसे यापुढे तू निवडायचीस,” तो म्हणाला. “मी लेप लावीन. आधी ते तीन बाण पूर्ण कर, आणि दोरा तूच गुंडाळ.”