दोन डायलिसिसच्या मधले दिवस : घरचं जेवण, पोटॅशियम आणि पाणी

(आपल्या सेंटरवर आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या पेशंटसाठी आणि त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. पोटाचं डायलिसिस असलेल्यांना हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत.)

घरात पेशंटसाठी वेगळा स्वयंपाक मांडू नका. चार दिवस उत्साहाने होतो, पाचव्या दिवशी करणारीही कंटाळते आणि जेवणाराही. भाजी सगळ्यांची एकच करा. फक्त ती उकळून पाणी टाकून द्या, मीठ कमी घाला आणि बाकीच्यांना वरून घेऊ द्या. एवढी सवय लागली की निम्मं पथ्य झालं.

पोटॅशियम

चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. तुमच्या शरीरात ते पुढच्या डायलिसिसपर्यंत साठत राहतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डायलिसिसआधीच्या तपासणीत ते साधारण ५.५ च्या आत असावं. ६ च्या वर गेलं तर धोका. त्यासाठी दिवसभराच्या खाण्यात २००० ते २५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

हे आकडे ताटात कसे दिसतात? एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यातही तेवढंच. एका शहाळ्याचं पाणी ५०० च्या आसपास. म्हणजे आजारी माणसाला बघायला आलेले पाहुणे प्रेमाने शहाळं आणि डझनभर केळी आणतात, तेव्हा नेमकं नको तेच आणतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, सफरचंद आणा म्हणून.

भाजी आणि डाळ कशी करायची

भाजीची साल काढा, बारीक चिरा, कोमट पाण्यात दोनेक तास ठेवा आणि ते पाणी फेका. मग भाजीच्या चार-पाच पट पाणी घालून उघड्या पातेल्यात उकळा, चाळणीत निथळा आणि मग फोडणीला टाका. वेळ नसेल तर भिजवणं सोडा, उकळणं सोडू नका. नुसतं भिजवून फारसं निघत नाही. कुकरमध्ये भाजी शिजवून पाणी तसंच ठेवलं तर पोटॅशियमही तिथेच राहतं.

डाळही आधी भिजवून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून नव्या पाण्यात शिजवा. घट्ट वरण करा. पुरणपोळीच्या दिवशी पुरणाच्या डाळीचं काढलेलं पाणी म्हणजे कट. डाळीतलं बरंच पोटॅशियम त्यात उतरलेलं असतं. तेव्हा कटाची आमटी घरच्यांना, तुम्हाला नाही. गुळातही पोटॅशियम भरपूर, म्हणून तुमच्यापुरतं पुरण साखरेचं करा. मधुमेह असेल तर त्याबद्दल आधी विचारा.

'पाणी टाकलं तर सत्त्व जातं' असं घरातल्या मोठ्या बाया म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. काही जीवनसत्त्वं जातातच. म्हणूनच डॉक्टर बी-कॉम्प्लेक्सची गोळी लिहून देतात, ती चुकवू नका. पण त्या पाण्यात कणीक मळू नका.

दुधी, दोडका, पडवळ, कोबी, काकडी, सिमला मिरची या तुमच्या रोजच्या भाज्या. पालक, माठ, अळू, शेवग्याच्या शेंगा, सुरण, रताळं टाळा. टोमॅटो आमटीपुरती एखादी फोड. फळ दिवसाला एकच : छोटं सफरचंद, नाहीतर पेअर, अननसाच्या दोन चकत्या किंवा मूठभर जांभळं. सीताफळ, पेरू, खजूर, सुका मेवा नको. आंब्याच्या दिवसांत 'अजिबात नको' म्हटलं तर कुणी ऐकत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून डायलिसिसच्या दिवशी दोन छोट्या फोडी, आणि त्या दिवशी दुसरं फळ नाही. आमरसाची वाटी मात्र नाही. करमळ म्हणजे स्टारफ्रूट कधीच खाऊ नका. किडनीच्या रोग्याच्या मेंदूवर त्याचा विषारी परिणाम होतो.

उपवास ही आपल्याकडची खरी अडचण. बटाटा, रताळं, दाणे, राजगिरा, केळं, शहाळं : एकादशीचं ताट म्हणजे पोटॅशियमची बेरीज. सोडता येत असेल तर उपवास सोडा. नाहीच तर साबुदाणा किंवा वरई घ्या, पण दाण्याचं कूट आणि बटाट्याशिवाय.

मीठ आणि पाणी

पाणी कमी प्या म्हटलं की पेशंट पाण्यावर लक्ष ठेवतात आणि लोणचं खातात. तहान मिठाने लागते, म्हणून आधी मीठ आवरा. दिवसभराचं सगळं मिळून सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी बंद. सैंधव हेही मीठच. बाजारात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ते घरात आणूच नका. चव आणायला लिंबू, जिरे, मिरी, लसूण, कढीपत्ता वापरा.

पाण्याचा हिशोब असा : चोवीस तासांत जेवढी लघवी होते, तेवढं अधिक ५०० मिली. समजा वजन ५५ किलो आणि लघवी २०० मिली, तर दिवसाला ७०० मिली. दोन वेळचा चहा २००, गोळ्यांसोबत तीन वेळा ५०-५० म्हणजे १५०, वरण १००, दही १००. झाले ५५०. तहानेसाठी उरले १५०. ताक, सूप, सरबत, आइस्क्रीम, बर्फ, कलिंगड सगळं यातच धरायचं. सकाळी एका बाटलीत ७०० मिली पाणी भरा आणि जे काही प्याल तेवढं तिच्यातून ओतून टाका. डोळ्यांसमोर पातळी उतरताना दिसली की हात आपोआप आवरतो. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून थुंका, लिंबाची फोड चोखा.

जादा पाणी काढून झाल्यावर जे राहतं ते तुमचं कोरडं वजन. दोन डायलिसिसमध्ये वजन त्याच्या साधारण ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये. ५५ किलोला २.२ किलो. ते रातोरात वाढलेलं मांस नसतं, पाणीच असतं, एक किलो म्हणजे एक लिटर. चार तासांत मशीनने तीन-चार लिटर ओढलं की पायात गोळे येतात आणि बीपी खाली जातं.

पोटभर जेवा

पथ्याच्या भीतीने काहीजण भातावरच राहतात. हेही चूक. डायलिसिसमध्ये प्रोटीन वाहून जातं, म्हणून ५५ किलोच्या माणसाला रोज साधारण ६० ग्रॅम लागतं. सकाळी पोहे (बटाटा-दाण्याशिवाय) आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग. दुपारी तीन पोळ्या, दोडक्याची भाजी, भात, घट्ट वरण. चारला चहा आणि दोन मारी बिस्किटं. रात्री तीन पोळ्या, कोबी, ७५ ग्रॅम चिकन किंवा मासा, शाकाहारी असाल तर ५० ग्रॅम पनीर, थोडा भात, दही. ज्वारी-बाजरीची भाकरी तांदळापेक्षा पोटॅशियम-फॉस्फरसला जड, म्हणून ती कधीतरी. जेवणातलं फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणाच्या घासासोबतच घ्या, जेवणानंतर तासाने घेतली तर उपयोग नाही.

मधुमेहींची साखर अचानक उतरली तर फळांचा रस नको, तीन चमचे साखर थोड्या पाण्यात. बद्धकोष्ठ अंगावर काढू नका, काही पोटॅशियम शौचावाटेही जातं.

शुक्रवारचं डायलिसिस झालं की सोमवारपर्यंत दोन पूर्ण दिवस मोकळे, शनिवारवाल्यांना मंगळवारपर्यंत. हीच वेळ सगळ्यात जोखमीची, आणि रविवारचं मटण, लग्न-बारसं नेमकं याच दिवसांत येतं. जेवायला जा, पण रस्सा सोडून दोन-तीन तुकडे घ्या.

हातपाय एकदम जड वाटले, मुंग्या आल्या, छातीत धडधडलं किंवा झोपल्यावर दम लागला तर पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नका. पोटॅशियम कित्येकदा काहीच लक्षण न देता वाढतं, त्यामुळे एवढं लक्षण दिसलं तरी पुरे. रात्र असली तरी जवळच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन ईसीजी काढा आणि पोचताच सांगा, 'मी डायलिसिसचा पेशंट आहे.'